पंप बंद करून तीन दिवस झाले, तरी काका जागे का होईनात?

परवा रविवारी सकाळी पोहे-जलेबी आणायला निघाले होते तर खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी जिन्यातच गाठलं. त्यांच्या माहेरचं कोणीतरी ग्वाल्हेरला आयसीयूत आहे, किडन्या बंद पडल्यात, आणि डॉक्टर म्हणतायत की झोपेचं औषध परवाच बंद केलंय, आता वाट बघा. वहिनींचा प्रश्न एकच, "ताई खरं सांगा, मेंदू गेलाय का आणि हे लोक आपल्याला सांगत नाहीयेत का?"

भूल द्यायचं आणि आयसीयू सांभाळायचं काम करून माझी पंचवीस वर्षं झाली आणि हा प्रश्न मी आयसीयूच्या दाराबाहेर इतक्या वेळा ऐकलाय की म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू. वहिनींच्या पेशंटचं मला काही माहीत नाही, न बघता मी बोलणारही नाही, पण एक पेशंट माझ्या चांगला लक्षात आहे, इथला इंदूरचाच. त्यांना आपण भाऊकाका म्हणू (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात).

## भाऊकाकांचं काय झालं

भाऊकाका 66 वर्षांचे, वजन साधारण 60 किलो, वीस वर्षांचा डायबिटीस आणि त्यामुळे किडन्या आधीच अर्ध्यामुर्ध्या, किडनी बिघडली की रक्तात जे चढतं ते क्रिएटिनिन 3 च्या आसपास. न्यूमोनिया झाला, इन्फेक्शन रक्तात पसरलं, बीपी पडलं आणि व्हेंटिलेटर लागला. घशात नळी असताना जागं राहणं म्हणजे छळच असतो, माणूस नळी ओढून काढतो, म्हणून गुंगीचं औषध सिरिंज पंपावर लावतात. त्यांना मिडाझोलाम लावलं, तासाला 4 मिलिग्रॅम. त्याच दोन दिवसांत किडन्यांनी पूर्ण हात टेकले, दिवसभराची लघवी जेमतेम 200 मिली, क्रिएटिनिन 6.8, एक दिवसाआड डायलिसिस सुरू.

चार दिवसांनी छाती सुधारली, बीपी सावरलं, शुक्रवारी सकाळी पंप बंद केला. मिडाझोलाम तसं लवकर उतरणारं औषध म्हणून ओळखलं जातं. धडधाकट माणसात दर दोन-अडीच तासांनी त्याचं रक्तातलं प्रमाण निम्मं होतं, म्हणजे बारा तासांत तीन टक्क्यांच्या आसपासच उरायला हवं. आयसीयूतल्या आजारी माणसात जास्त वेळ लागतो हे धरलं तरी शनिवारी संध्याकाळपर्यंत काहीतरी हालचाल दिसायला हवी होती. शनिवार गेला, रविवार गेला, सोमवारी सकाळीही काका ढिम्म. चिमटा काढला तर हात जरा आकसायचा, बाकी काही नाही. त्यांचा मुलगा देवासला नोकरीला, तो तीन दिवस बाहेरच्या बाकावर बसून होता, मला म्हणाला, "मॅडम, औषध तर बंद आहे ना, मग हे झोपलेत कशाने?"

## लिव्हर पिशवी बांधते, किडनी म्हणजे गाडी

इंदूरवाल्यांना हे समजावणं सोपं आहे. 2017 पासून आपण देशात स्वच्छतेत पहिले म्हणून मिरवतो, तर ते कसं चालतं बघा. घरात कचरा वेगळा करायचा, पिशवीत बांधायचा आणि सकाळी गाणं वाजवत गाडी आली की तिच्यात टाकायचा. दोन वेगळी कामं आहेत, बांधायचं काम घराचं आणि न्यायचं काम गाडीचं. गाडी चार दिवस आली नाही तर तुम्ही कितीही शिस्तीत पिशव्या बांधा, दारात ढीग लागणारच.

शरीरात पिशवी बांधायचं काम लिव्हरचं आणि गाडी म्हणजे किडनी. औषधावर लिव्हरने काम केल्यावर जो नवा पदार्थ तयार होतो त्याला मेटाबोलाइट म्हणतात, हा एक शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल. मिडाझोलामवर लिव्हर दोन टप्प्यांत काम करतं. पहिल्या टप्प्यात त्यात किरकोळ बदल होऊन एक मेटाबोलाइट बनतो, तो जवळजवळ मूळ औषधाइतकीच गुंगी आणतो पण टिकत नाही, कारण लगेच दुसरा टप्पा येतो. दुसऱ्या टप्प्यात त्याला साखरेसारखा एक रेणू जोडला जातो, त्यामुळे तो पाण्यात छान विरघळतो आणि लघवीतून जायला तयार होतो. ह्या जोडलेल्या मालाला ग्लुकुरोनाइड म्हणतात, हीच आपली बांधलेली पिशवी. दिलेल्या मिडाझोलामचा जवळपास अर्धा भाग, कधी त्याहून जास्त, अशा पिशव्या होऊन लघवीतून जातो.

आता गंमत अशी की बहुतेक औषधांत पिशवी बांधली की विषय संपला, आतला माल निरुपद्रवी झालेला असतो. गाडी आली नाही तरी दारात नुसता ढीग, वास नाही. मिडाझोलामची पिशवी मात्र गळकी आहे. कितीही बांधली तरी थोडा वास येतोच, म्हणजे ती मेंदूतल्या त्याच कुलपांना किल्लीसारखी जाऊन थोडीफार लागते ज्यांना मूळ औषध लागतं. अशा मेटाबोलाइटला ॲक्टिव्ह म्हणतात.

## पुस्तकाने चकवलं कसं

बरीच वर्षं डॉक्टरांनाही हे नीट माहीत नव्हतं, आणि त्याला एक कारण होतं. मिडाझोलामच्या माहितीत लिहिलेलं असायचं की हे औषध जसंच्या तसं लघवीत एक टक्क्याहूनही कमी जातं, सगळं काम लिव्हर करतं. हे वाचून कोणीही म्हणेल, मग किडनी बिघडली तर काय फरक पडतो? वाक्य खरंच आहे पण अर्धं. मूळ औषध किडनीतून जात नाही, त्याची पिशवी जाते, आणि पिशवीचा हिशोब कोणी ठेवत नव्हतं.

1995 मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात पाच पेशंटचा एक छोटासा अभ्यास आला, पाचही जणांच्या किडन्या खूप खराब आणि मिडाझोलाम थांबवूनही ते उठत नव्हते. रक्त तपासलं तर मूळ औषध जवळजवळ संपलेलं, पहिल्या टप्प्यातला मेटाबोलाइटही कमी, पण ग्लुकुरोनाइड मात्र भरपूर. आणि मिडाझोलामचा उतारा दिल्यावर माणसं लगेच जागी झाली. त्यांनी प्रयोगशाळेत हेही तपासलं की ही पिशवी मेंदूतल्या त्या कुलपांना कितपत चिकटते, तर मूळ औषधापेक्षा सुमारे दहापट कमी. म्हणजे दुबळी आहे, पण अगदीच फुसकी नाही.

दहापट कमी म्हणजे काय ते भाऊकाकांच्या आकड्यांवर बघू. तासाला 4 मिलिग्रॅम, 96 तास, एकूण 384 मिलिग्रॅम. त्यातलं साधारण अर्धं पिशव्यांमध्ये गेलं असं धरा, म्हणजे 190 च्या आसपास, आणि त्यातलं बहुतेक अंगातच अडकलं कारण लघवी होतच नव्हती. त्याचा दहावा भाग धरला तर 19 मिलिग्रॅम मिडाझोलाम इतका जोर. एंडोस्कोपीच्या वेळी वयस्कर माणसाला गुंगी यायला आम्ही एक-दोन मिलिग्रॅम देतो, आता बघा. हा हिशोब ढोबळ आहे हं, पाण्यात विरघळणारी वस्तू मेंदूत सहजासहजी शिरत नाही आणि डायलिसिसने काही भाग निघालेलाही असतो, त्यामुळे 19 हा आकडा धरून बसू नका. पण पंप बंद असताना माणूस कशाने झोपलाय ते ह्यावरून कळतं.

## पण डायलिसिस चालू होतं ना?

मुलाने हेच विचारलं आणि प्रश्न बरोबर आहे. मूळ मिडाझोलाम रक्तातल्या प्रोटीनला घट्ट चिकटून असतं, जवळजवळ 97 टक्के, त्यामुळे डायलिसिसच्या जाळीतून ते फारसं जात नाही. पिशवी मात्र जाळीतून जाऊ शकते. पण डायलिसिस झालं एक दिवसाआड चार तास, आणि चांगल्या किडन्या चोवीस तास, न थांबता. रोजची गाडी बंद करून आठवड्यातून तीनदा कोणाची तरी ॲक्टिवा कचरा न्यायला आली तर ढीग कमी होतो पण संपत नाही. शिवाय मूळ औषध चरबीतही साठलेलं असतं, ते हळूहळू परत रक्तात येतं आणि लिव्हर त्याच्याही नव्या पिशव्या बांधत राहतं. म्हणून डायलिसिस करून आल्या आल्या पेशंट उठून बसेल अशी अपेक्षा ठेवू नका, प्रत्येक फेरीनंतर थोडा थोडा हलका होत जातो.

## कशावरून म्हणायचं की हे औषधच आहे, स्ट्रोक नाही?

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण "औषध उतरेल हो" असं म्हणत बसणं धोक्याचं आहे. खराब किडनीच्या माणसाला न उठायला बाकी कारणंही भरपूर असतात. साखर पडलेली असू शकते (किडनी बिघडली की इन्सुलिनही अंगात जास्त वेळ रेंगाळतं), सोडियम बिघडलेलं, युरिया खूप चढलेला, डोक्यात रक्तस्राव, इन्फेक्शनचा मेंदूवर परिणाम, किंवा फिटचा झटका असा की हातपाय हलत नाहीत पण मेंदूत चालूच आहे. हे सगळं आधी बघायचं आणि मगच औषधाकडे बोट दाखवायचं.

भाऊकाकांची साखर 142, सोडियम ठीक, बाहुल्या दोन्ही सारख्या आणि टॉर्च मारला की आकसणाऱ्या, सीटीत रक्तस्राव नाही. मग ईईजी काढला, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूची वीज बघतात तो. त्यात झटका नव्हता आणि सगळीकडे बारीक जलद लहरी दिसत होत्या, ज्या ह्या जातीच्या औषधांच्या अमलाखाली दिसतात. तिथे माझा संशय पक्का झाला.

मग उतारा, फ्लुमाझेनिल नावाचं इंजेक्शन. ते मेंदूतल्या त्याच कुलपात बसून मिडाझोलामला आणि त्याच्या पिशव्यांना बाहेर ढकलतं. 0.2 मिलिग्रॅम दिलं, मिनिटभर थांबले, काही नाही. अजून 0.2 दिलं आणि दीडेक मिनिटात काकांनी डोळे उघडले, मुलाचं नाव घेतल्यावर मान वळवली, हात दाबा म्हटलं तर दाबला. काकू तिथेच रडायला लागल्या. मी आधीच सांगून ठेवलं होतं की हे टिकणार नाही, आणि तसंच झालं, पाऊण तासात काका पुन्हा झोपले.

ह्याचं कारण उतारा तासाभरात संपतो आणि ढीग तसाच असतो. लोक मग म्हणतात की उतारा देतच राहा ना. तर नाही, तो तपासणीसाठी वापरायचा. ज्याला आधीपासून झटके येतात किंवा जो महिनोन्‌महिने झोपेच्या गोळ्या घेतोय त्याला ह्याने जोरदार झटका येऊ शकतो, डिप्रेशनची काही जुनी औषधं जास्त झाली असतील तरीही. काकांना ह्यातलं काही नव्हतं, ते आधी विचारून घेतलं होतं. आणि एक, मिडाझोलामची रक्तातली पातळी मोजून आणली आणि ती कमी आली तरी त्यावर विसंबू नका, त्या टेस्टमध्ये पिशव्या मोजलेल्या नसतील तर जे शोधायचंय तेच सुटतं.

## मग हे औषध दिलंच कशाला?

रागाने विचारलेला प्रश्न आहे पण उत्तर साधं आहे. भाऊकाका आले तेव्हा त्यांचं बीपी 80 च्या खाली होतं. दुसरं जे नेहमीचं औषध, प्रोपोफॉल, दुधासारखं पांढरं असतं ते, त्याने बीपी अजून खाली जातं. मिडाझोलाम त्या मानाने सौम्य, शिवाय स्वस्त. आणि झटके थांबवायला तर ते फारच कामाचं आहे, लहान मुलांच्या फिट्ससाठी नाकात मारायचा स्प्रे घरात ठेवतात तोही हाच. एखादा डोस दिल्याने किडनीवाल्या माणसाचं सहसा काही बिघडत नाही, एका पिशवीने ढीग होत नाही. अडचण होते ती दिवसेंदिवस पंप चालू ठेवल्यावर, आणि लघवी कमी झाल्यावरही तोच वेग ठेवल्यावर. आमच्याकडून तिथे चूक झाली असं मी म्हणेन, दुसऱ्या दिवशी बीपी सावरायला लागलं तेव्हाच औषध बदलायला हवं होतं, किमान रोज सकाळी पंप थांबवून माणूस उठतोय का ते बघायला हवं होतं. रोज थांबवून बघण्याने व्हेंटिलेटरचे दिवस कमी होतात हे 2000 सालच्या अभ्यासात दिसलेलं आहे, पण रात्री दोनला हाताखाली बारा पेशंट असले की शांत झोपलेल्याला कोणी उठवत नाही, खरं ते खरं.

## त्यातल्या त्यात सुरक्षित काय

प्रोपोफॉलच्या पिशव्या गळक्या नाहीत, लिव्हरने बांधल्यावर त्यांच्यात गुंगीचा जोर उरत नाही, त्यामुळे किडनी बंद असली तरी माणूस बऱ्यापैकी वेळेवर उठतो. बीपीवर लक्ष ठेवावं लागतं, आणि मोठा डोस दोन दिवसांहून जास्त चालला तर हृदय आणि स्नायूंना त्रास देणारा एक दुर्मिळ पण वाईट प्रकार होऊ शकतो, म्हणून रक्तातली चरबी मधूनमधून तपासतात. दुसरं डेक्समेडिटोमिडिन, नाव जिभेला वळसा घालणारं आहे, आम्ही नुसतं डेक्स म्हणतो. त्याचेही मेटाबोलाइट निष्क्रिय, आणि गुंगी अशी की हाक मारली की माणूस डोळे उघडतो आणि श्वासही फारसा दबत नाही. नाडी मात्र हळू होते, बीपीही पडतं, आणि अगदी गाढ झोपवायचं असेल तर हे एकटं पुरत नाही. व्हेंटिलेटरवरच्या मोठ्या माणसांना मिडाझोलामच्या जातीतल्या औषधांऐवजी ह्या दोघांतलं एक वापरा अशी 2018 च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनची शिफारस आहे, किडनी चांगली असली तरीसुद्धा.

त्याच जातीतलं काही द्यावंच लागलं तर लोराझेपाम, त्याची पिशवी घट्ट असते. पण त्याच्या इंजेक्शनमध्ये औषध विरघळवायला एक द्रव वापरतात, प्रोपिलीन ग्लायकॉल, आणि तो अंगातून बाहेर पडणं थोडं किडनीवरच अवलंबून आहे. मोठ्या डोसमध्ये दिवसभर पंपावर चालवलं तर हाच द्रव साठून रक्तात आम्ल वाढतं. म्हणजे औषध चांगलं पण बाटलीतला सोबती खराब. अधूनमधून छोटे डोस द्यायला ठीक.

दुखण्याच्या औषधाचंही तेच. मॉर्फिनची एक पिशवी तर मूळ मॉर्फिनपेक्षाही जोरदार असते आणि किडनी बंद असेल तर तासांऐवजी दिवसांच्या हिशोबाने राहते, त्यात श्वास दबतो. अशा पेशंटला आम्ही फेंटानिल देतो, काकांनाही तेच होतं, म्हणून दोष मिडाझोलामवर टाकता आला.

## घरातल्या गोळ्यांचं काय?

डायलिसिसवाल्यांच्या घरात हा प्रश्न येतोच, म्हणून थोडंसं. डायझेपामचा मेटाबोलाइट तर दिवसेंदिवस अंगात राहतो, म्हाताऱ्या माणसात जास्तच, त्यामुळे रोज रात्री एक घेतली तर आठवड्यानंतर दिवसाही झोप यायला लागते आणि घरचे म्हणतात "वय झालंय". पायांच्या जळजळीसाठी देतात ती गॅबापेंटिन-प्रीगाबालिन ह्यांची गोष्ट वेगळी, त्यांची पिशवी बनतच नाही, सगळा माल जसाच्या तसा किडनीतून जातो, म्हणून डोस बराच कमी करावा लागतो. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलवरून आणल्या आणि आजोबा बोलता बोलता पेंगायला लागले तर त्याच दिवशी किडनीच्या डॉक्टरांना फोन करा. मात्र वर्षानुवर्षं चालू असलेली झोपेची गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नका, त्यानेही झटके येतात.

## काकांचं पुढे

सोमवारच्या परीक्षेनंतर आम्ही काही वेगळं केलं नाही. डायलिसिसच्या अजून दोन फेऱ्या, तोपर्यंत व्हेंटिलेटर चालू, गुंगीचं काही नाही. बुधवारी दुपारी स्वतःहून डोळे उघडायला लागले, गुरुवारी नळी काढली, शुक्रवारी मला म्हणाले की तुमच्या इथला चहा अगदीच फुळकवणी आहे. पंप बंद केल्याला तेव्हा बरोबर आठवडा झाला होता.

किडन्या मात्र परत आल्या नाहीत. सुटी देताना मी त्यांच्या फाइलच्या पहिल्याच पानावर लाल पेनाने लिहून दिलं, "मिडाझोलाम पंपानंतर जाग यायला पाच दिवस लागले, फ्लुमाझेनिलने तात्पुरते जागे." चार महिन्यांनी डायलिसिससाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडून फिस्टुला करायचा होता, दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये, मुलाने ते पान तिथल्या भूलतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी काखेजवळ इंजेक्शन देऊन नुसता हात बधिर केला, गुंगीचा एक थेंब दिला नाही, आणि काका म्हणे पूर्ण दीड तास सर्जनशी गप्पा मारत होते, सराफ्यातला भुट्ट्याचा कीस आता पूर्वीसारखा राहिला नाही ह्या विषयावर.